गिटच्या स्लाइड मराठीत करताना: काय ठेवायचं, काय कापायचं

आजचा भाग थोडा वेगळा आहे, कारण मी ज्याबद्दल बोलणार आहे ते खरं तर डोळ्यांनी बघायचं असतं. मी स्लाइड वाचून दाखवत जाईन. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताय त्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल. ज्यांना ओळी समोर हव्यात त्यांच्यासाठी हे लिखित रूप आहेच.

तर झालं असं. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गिट शिकवायचं एक दिवसाचं वर्कशॉप आम्ही चौघांनी मिळून घेतलं. आम्ही चौघंही दिवसभर कोड लिहिणारी माणसं, भाषांतर हा आमचा धंदा नाही. स्लाइड तयार होत्या, पण इंग्रजीत. मुलं मराठी माध्यमातून आलेली. वर्गात बोलायचं मराठीत आणि भिंतीवर वाचायचं इंग्रजीत, याने काय होतं ते तुम्हाला माहीत असेल: मुलं स्लाइड वाचायचं सोडून देतात. म्हणून स्लाइड मराठीत करायच्या ठरलं. कमांड अर्थातच जशाच्या तशा.

पहिली भांडणं शब्दांवरून झाली. 'ब्रँच'ला शाखा म्हणायचं का? 'रिपॉझिटरी'ला भांडार? 'मर्ज'ला विलीनीकरण? यात कुठला शब्द वाईट आहे असं मी म्हणणार नाही. 'शाखा' तर छान शब्द आहे, दोन अक्षरांचा, जागा कमी खाणारा. पण मुलगा स्लाइड बघून झाल्यावर कुठे बघणार आहे? समोरच्या स्क्रीनवर. आणि त्या लॅबमधल्या मशीनवर गिट इंग्रजीतच बोलत होतं. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले आणि ते एकत्र करायला गेलं, की गिट हे छापतं:

```
CONFLICT (content): Merge conflict in index.html
```

आता स्लाइडवर जर 'विलीनीकरणातील संघर्ष' असं लिहिलं असेल, तर मुलाला ही ओळ आणि ती स्लाइड एकाच गोष्टीबद्दल आहे हे कळणार कसं? तो हात वर करून म्हणेल, "मॅडम, एरर आली." आणि स्लाइडवर तर त्या एररचं पूर्ण उत्तर लिहिलेलं असेल! मर्ज कॉन्फ्लिक्ट लिहिलं, तर निदान मोठ्याने वाचल्यावर जोड लागते.

म्हणून आम्ही एकच कसोटी लावली. जो शब्द मुलगा स्वतः टाइप करणार आहे, किंवा गिट त्याला स्क्रीनवर दाखवणार आहे, तो शब्द तसाच ठेवायचा, फक्त देवनागरीत लिहायचा. कमिट, ब्रँच, मर्ज, पुश, कॉन्फ्लिक्ट. बाकी सगळं मराठी. 'चेंजेस' नाही, बदल. 'लाइन' नाही, ओळ. 'स्टेप्स' नाही, पायऱ्या. 'हिस्टरी'वर जरा वाद झाला, पण तिथे कमांड `git log` अशी आहे, 'हिस्टरी' हा शब्द टाइप करावा लागत नाही. मग 'बदलांची नोंद' लिहिलं आणि मुलांना ते न सांगताच कळलं. `HEAD` मात्र देवनागरीतसुद्धा केलं नाही, कारण ते कमांडमध्ये अगदी तसंच, मोठ्या अक्षरांत टाइप करायचं असतं.

ठेवलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा लागतोच. पण तो प्रत्येक स्लाइडवर सांगायला जागा नसते. शब्द पहिल्यांदा येतो तिथे एक ओळ द्यायची आणि पुढे नुसता शब्द वापरायचा. कॉन्फ्लिक्टची ओळ आम्ही अशी केली: 'एकाच ओळीत दोघांचे वेगळे बदल = कॉन्फ्लिक्ट'. मूळ इंग्रजी वाक्य दोन ओळींचं होतं, हे एका ओळीत बसलं. बरोबरचं चिन्ह वापरलं म्हणून कुणी नाक मुरडू नये, स्लाइडवर ते चालतं.

आता एक पूर्ण स्लाइड घेऊ. मुळात चार मुद्दे होते. शीर्षक: गिट वापरून काम सेव्ह करणे. मुद्दे असे, की वर्किंग डिरेक्टरीतल्या फाइल एडिट करा. `git add` वापरून हवे ते बदल स्टेज करा. स्टेज केलेले बदल अर्थपूर्ण मेसेजसह लोकल रिपॉझिटरीत कमिट करा. आणि पुश करेपर्यंत गिटहबवर काहीही पाठवलं जात नाही.

आमच्यातल्या एकाने याचा पहिला मसुदा केला. त्यातला दुसरा मुद्दा वाचून दाखवते: 'आपण जतन करू इच्छित असलेले बदल git add या आज्ञेच्या साहाय्याने स्टेज करावेत.' व्याकरण चोख. पण स्लाइडच्या चौकटीत तीन ओळी झाल्या. असे चार मुद्दे म्हणजे बारा ओळी, आणि शेवटचे दोन चौकटीच्या खाली लोंबत होते.

ऑफिसात कुणीतरी लगेच म्हणतंच, की मराठी लांब असते, इंग्रजीत थोडक्यात होतं. मला हे पटत नाही. ती ओळ लांब झाली ती मराठीमुळे नाही, सरकारी पत्रातल्या मराठीमुळे. 'आपण करू इच्छित असलेले' याला आपण रोज काय म्हणतो? 'हवे ते'. 'च्या साहाय्याने' म्हणजे 'ने'. 'करावेत' म्हणजे 'करा'. शिवाय मराठीला काही गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत. 'मध्ये', 'वर', 'ला' हे शब्दाला चिकटून येतात, वेगळी जागा मागत नाहीत. क्रियापदातूनच 'तुम्ही' कळतं, म्हणून 'तुमचे, तुमच्या' प्रत्येक ओळीत लागत नाही. आणि स्लाइडवर वाक्याच्या शेवटचं 'आहे' काढलं तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

अंतिम स्लाइड अशी झाली:

```
गिट: काम कसे जपायचे?

• फाइल बदला, सेव्ह करा
• हवे ते बदल स्टेज करा
    git add
• नेमका मेसेज देऊन कमिट करा
    git commit
• पुश करेपर्यंत गिटहबवर काहीच जात नाही
    git push
```

यात तीन गोष्टी बघा.

शीर्षकातून 'सेव्ह' गेला आणि पहिल्या मुद्द्यात आला. हे मुद्दाम केलं. मुलांच्या डोक्यात सेव्ह म्हणजे कंट्रोल एस. कमिटलाही सेव्ह म्हटलं, की काही जण एडिटरमध्ये सेव्ह न करताच `git add` मारतात. मग गिट डिस्कवरची जुनी फाइल उचलतं, कारण नवीन मजकूर अजून डिस्कवर गेलेलाच नसतो. मुलगा म्हणतो गिटने माझे बदल घेतले नाहीत. इंग्रजीत हा शब्द दोन्हीकडे खपून गेला होता, मराठीत आम्ही 'जपणे' आणि 'सेव्ह करणे' असे दोन वेगळे शब्द केले. इथे मराठी स्लाइड मूळ स्लाइडपेक्षा एक शब्द जास्त सांगते.

दुसरं, 'लोकल रिपॉझिटरी' कापली. ती कापता आली, कारण चौथा मुद्दा तेच काम करतो: पुश करेपर्यंत गिटहबवर काही जात नाही, म्हणजे तोवर सगळं तुमच्याच मशीनवर. कापायचं ते असं, दुसऱ्या ओळीने ज्याची भरपाई केली आहे ते. 'वर्किंग डिरेक्टरी' हा शब्दही इथून गेला, कारण आधीच्या एका स्लाइडवर त्याचं चित्र होतं.

तिसरं, कमांड वेगळ्या ओळीवर. याचं कारण जागा नाही, विभक्ती आहे. 'git addने स्टेज करा' असं लिहिलं तर 'ने' कुठे चिकटवायचा? चिकटवला तर विचित्र दिसतं, सोडून लिहिला तर मराठी चुकते. आणि नवशिक्या मुलाला कमांड कुठे संपते तेच कळत नाही. म्हणून आमचा नियम असा, की कमांडला प्रत्यय लावायचाच नाही. वाक्यातच यायची असेल तर 'git add वापरून' किंवा 'git add ही कमांड' असं लिहायचं. देवनागरीतल्या शब्दांना मात्र बिनधास्त लावा: कमिटमध्ये, ब्रँचवर, रिपोला. तिथे आपली भाषा आपोआप काम करते.

प्रत्ययावरून लिंग आठवलं. तो कमिट, ती कमिट की ते कमिट? चौघांत तीन मतं होती. एका स्लाइडवर 'शेवटचा कमिट' आणि पुढच्या स्लाइडवर 'शेवटची कमिट' असेल, तर मुलांना क्षणभर वाटतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का. आम्ही एका शीटमध्ये प्रत्येक शब्दापुढे लिंग आणि अनेकवचन लिहून टाकलं. तो कमिट, दोन कमिट. ती ब्रँच, दोन ब्रँच. तुम्ही 'ते कमिट' म्हणा, माझी हरकत नाही, फक्त सगळ्या स्लाइडवर तेच म्हणा. त्याच शीटमध्ये स्पेलिंगही: ब्रँच की ब्रांच, फाइल की फाईल. कारण मुलं नंतर पीडीएफमध्ये शब्द शोधतात, आणि शोधताना 'ब्रांच' टाकलं तर 'ब्रँच' सापडत नाही.

आता जागेकडे वळू. आमच्यातल्या एकाने इंजिनिअरला शोभेल असा उपाय काढला: एक्सेल शीटमध्ये इंग्रजी ओळ, मराठी ओळ आणि दोन्हींची लांबी मोजायचा फॉर्म्युला. मराठी ओळ इंग्रजीपेक्षा मोठी निघाली की लाल रंग. ऐकायला मस्त. पण हे बघा:

```
>>> len("conflict")
8
>>> len("कॉन्फ्लिक्ट")
11
```

अकरा? डोळ्याला तर 'कॉ', 'न्फ्लि' आणि 'क्ट' असे तीनच घास दिसतात. संगणक इथे क वेगळा मोजतो, त्याची मात्रा वेगळी, प्रत्येक हलन्त वेगळा. त्यामुळे जोडाक्षरांचा शब्द शीटमध्ये लाल होतो, पण स्लाइडवर मजेत मावतो. उलटही होतं: 'बदल' तीनच मोजला जातो आणि त्याला तीन अक्षरांची पूर्ण रुंदी लागते. म्हणजे हा आकडा जागेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ओळ खऱ्या चौकटीत, खऱ्या फॉन्टमध्ये टाकून बघणं, एवढाच भरवशाचा मार्ग आहे.

आणि खरं सांगू का, मराठीची अडचण रुंदीत कमी आणि उंचीत जास्त आहे. इंग्रजी अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या थीममध्ये मुख्य मजकुराच्या ओळींमधलं अंतर ९० टक्के ठेवलेलं असतं, थोडं आवळलेलं. इंग्रजीला ते चालतं. मराठीत वरच्या ओळीतला 'पुश'चा उकार खालच्या ओळीतल्या 'कॉन्फ्लिक्ट'च्या चंद्राला जाऊन टेकतो. मागच्या बाकावरून वाचणाऱ्याला ते काळं डाग दिसतं. आम्ही अंतर ११० टक्के केलं. म्हणजे तेवढ्याच चौकटीत ओळी कमी मावणार, हे आधीच मान्य करून चालायचं.

इथे एक गुपचूप होणारा प्रकार सांगते. मजकूर चौकटीबाहेर जायला लागला, की पॉवरपॉइंट स्वतःच फॉन्ट लहान करतं. मजकूर आपोआप लहान करण्याची ही सोय सुरू असली तर तुम्हाला काही सांगतही नाही. तुम्ही मराठी पेस्ट करता, सगळं छान मावलेलं दिसतं आणि तुम्ही खूश. पण एका स्लाइडवर अक्षर २४ पॉइंटचं, पुढच्यावर १८, त्याच्या पुढच्यावर आणखी बारीक. लॅपटॉपवर एकेक स्लाइड बघताना लक्षात येत नाही, स्लाइड भराभर पुढे ढकलल्या की अक्षरं लहानमोठी होताना दिसतात. म्हणून भाषांतर सुरू करण्याआधी ती सोय बंद करा. मग मजकूर निर्लज्जपणे बाहेर येतो, आणि तेच हवं असतं. बाहेर आला म्हणजे शब्द कापायचे. कापूनही नाही मावला तर एका स्लाइडच्या दोन करायच्या. फॉन्ट लहान करणं आमच्याकडे बंदच होतं.

पण कापायलाही मर्यादा असते, आणि ती आम्हाला एका पिवळ्या पट्टीने दाखवली. `git reset --hard` या कमांडच्या स्लाइडवर खाली इशारा होता. ज्यांना गिट माहीत नाही त्यांच्यासाठी: ही कमांड तुमच्या फाइल मागच्या कमिटसारख्या करून टाकते. गिटच्या नजरेखाली असलेल्या फाइलमध्ये तुम्ही त्यानंतर जे लिहिलं आणि कमिट केलं नाही, ते गेलं. इशाऱ्याची पट्टी एका ओळीची होती. पहिल्या मसुद्यात मराठी ओळ होती: 'सावधान! कमिट न केलेले बदल जातील.' छोटी, मापात बसणारी, कानालाही बरी.

वर्कशॉपच्या आधी आम्ही तीन मुलांना स्लाइड वाचायला दिल्या होत्या. समजावून सांगायचं नाही, फक्त विचारायचं, "ही कमांड मारली तर काय होईल?" एक मुलगी म्हणाली, "बदल जातील." मी विचारलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे गिटहबवर जातील ना, ताई?"

विचार केला तर तिचं काय चुकलं? मघाची स्लाइड आठवा. 'पुश करेपर्यंत गिटहबवर काहीच जात नाही.' आम्हीच तिला शिकवलं होतं की बदल 'जातात' ते गिटहबवर. आणि मराठीत 'जाणे' म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं आणि हातचं जाणं, दोन्ही. वाक्य पूर्ण असतं, बोलणाऱ्याचा आवाज असतो तेव्हा गोंधळ होत नाही. स्लाइडवर चार शब्दच असतात आणि बाकीचा आधार कापलेला असतो. दिवसभराचं काम पुसणारी कमांड, आणि वाचणारीला वाटतंय की ती काम वर चढवते!

मग पर्याय काढले. 'नष्ट होतील' स्पष्ट आहे, पण बातमीतल्यासारखं वाटतं. 'पुसले जातील' हे मुलांना फळ्यामुळे लगेच कळतं, पण फळ्यावरचं पुन्हा लिहिता येतं. परत मिळत नाही हे सांगायलाच हवं. कुणीतरी जोर यावा म्हणून 'सगळे बदल' सुचवलं, ते मात्र खोटं ठरलं असतं: नव्याने बनवलेली, एकदाही `git add` न केलेली फाइल ही कमांड साधारणपणे पुसत नाही. इशारा ठसठशीत करायला गेलो आणि मुलाने स्वतः करून पाहिलं, फाइल तशीच दिसली, तर पुढचा इशारा तो मानणार नाही.

शेवटी ओळ ठरली: 'कमिट न केलेले बदल पुसले जातील, परत मिळणार नाहीत.' पट्टीत मावेना. 'सावधान' काढलं, कारण पिवळा रंग आणि त्रिकोणातलं उद्गारचिन्ह तेच ओरडून सांगत होतं. तरी मावेना. मग पट्टी दोन ओळींची केली आणि त्यासाठी वरचं चित्र लहान केलं. चित्रातला एक बाण गेला. जाऊ दे. नव्या फाइलची गोष्ट स्लाइडवर आलीच नाही, ती स्लाइडखालच्या टिपणांत गेली, बोलणाऱ्याने तोंडाने सांगायला.

त्याच मुलीला दुसऱ्या दिवशी बदललेली स्लाइड दाखवली. तिने वाचली, थांबली आणि विचारलं, "मग आधी कमिट केलं तर वाचेल ना?" हो. वाचेल. कमिट केलेलं काम `git reflog` वापरून बहुतेक वेळा शोधून काढता येतं, पण ती वेगळी स्लाइड आहे, आणि तिथे 'रीफ्लॉग' शब्दाला अर्थ देताना आमचं पुन्हा भांडण झालं. ते पुढच्या भागात. तोवर तुमच्याकडे असल्या अडलेल्या ओळी असतील, मूळ आणि मराठी दोन्ही, तर पाठवा. चौकट केवढी आहे तेही लिहा, नाहीतर मी 'हवे ते' लिहून मोकळी होईन.